दोन वह्या: कागदावरचे ऑप्शन्स आणि खरा एक लॉट

8 सप्टेंबर 2025, सोमवार

भाच्याला ऑप्शन्समध्ये उतरायचंय. ऐरोलीला आयटीत आहे, पगार बरा आहे, आणि खात्यात एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे, सुरू करून ठेवल्याचं त्यानं गणपतीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ताईनं मोदक वाढता वाढताच सेबीचा आकडा ऐकवला: 2024-25 मध्ये या बाजारात उतरलेल्या शंभर किरकोळ लोकांपैकी 91 जणांनी पैसे घालवले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आयुष्य त्या फोर्टातल्या शेअर बाजारात घालवलंस ना, तूच समजाव आता."

समजावून या वयात कोणी थांबत नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. म्हणून भाच्याशी सौदा ठरवला. दिवाळीपर्यंत फक्त कागदी सौदे. दिवाळीनंतर त्यानं निफ्टीचा एकच लॉट खरा घ्यायचा आणि त्याच वेळी, त्याच नियमानं, मी तोच सौदा कागदी वहीत घालायचा. दोन वह्या शेजारी ठेवल्या की फरक कुठून येतो ते दिसेल. नुसता नफा-तोटा बघून ते कळत नाही.

कागदी वहीसाठी त्यानं पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. त्याच्याच ब्रोकर खात्यातून भाव येतात. आजपासून नोंदी मी ठेवणार.

15 सप्टेंबर, सोमवार

पहिला चांगला धडा मिळाला, तोही फुकट.

शुक्रवारी सकाळी निर्देशांकाला अगदी लागून असलेल्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे मुदतीला निफ्टी त्या ठरलेल्या पातळीला घेण्याचा हक्क, कागदावर 118 ला घेतला होता. मुदत उद्या मंगळवारी संपते. (या महिन्यापासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारी आली.) आज दुपारी दोनला निर्देशांक तेव्हापेक्षा तीसेक अंक वर होता आणि कॉल 76 ला. भाच्याचा फोन: "मामा, स्क्रिप्टमध्ये बग आहे बहुतेक. बाजार वर गेलाय आणि कॉल पडलाय."

बग नव्हता. त्या 118 रुपयांत निव्वळ वेळेचे पैसे होते, कारण निर्देशांक स्ट्राइकवरच होता, लगेच वसूल होईल असं आत काहीच नव्हतं. अशा ऑप्शनची किंमत उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. वेळ चौथाई उरला की किंमत अर्धी उरते. शुक्रवारी सकाळी चार दिवसांहून थोडं जास्त शिल्लक होतं, आज दुपारी एका दिवसाहून थोडं जास्त. म्हणजे बाजार जागचा हलला नसता तर 118 चे 59 व्हायला हवे होते. तीस अंक वर गेल्याचे त्यात सतराच्या आसपास आले, कारण अशा कॉलला निर्देशांकाच्या हालचालीतला साधारण निम्मा वाटा मिळतो आणि निर्देशांक स्ट्राइकच्या वर गेला की थोडा अधिक. बेरीज झाली 76. लॉट 75 नगांचा, म्हणजे दिशा बरोबर असूनही 3,150 रुपये तोटा. शनिवार-रविवार बाजार बंद असला तरी घड्याळ चालूच होतं.

हे शिकवायला कागदी वही उत्तम आहे. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, कसा झिजतो, मोठ्या घोषणेआधी कसा फुगतो आणि नंतर कसा बसतो, दूरचा स्ट्राइक स्वस्त का असतो, एक ऑप्शन विकून दुसरा घेतलेल्या स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, हे सगळं तिथे खरंच दिसतं. कारण या गोष्टी भावात असतात आणि भाव खराच असतो. तो आपल्याला मिळाला असता का, हा प्रश्न मात्र वेगळा.

24 सप्टेंबर, बुधवार

आज त्या दुसऱ्या प्रश्नावर आलो. भाच्याच्या वहीत एका मिडकॅप शेअरच्या कॉलवर एका तासात एकावन्न टक्के नफा लागला होता. शेअर मात्र जागचा हलला नव्हता.

डेप्थ, म्हणजे बाजारात उभ्या असलेल्या ऑर्डरींची यादी, उघडून बघितली. घेणाऱ्यांचा सर्वांत वरचा भाव, म्हणजे बिड, 4.10, विकणाऱ्यांचा सर्वांत खालचा, म्हणजे आस्क, 6.90. मधे कोणी नाही. एलटीपी, म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, स्क्रिप्टला मिळाला तेव्हा 4.50 होता आणि तो सौदाही तास-दीड तास जुना. स्क्रिप्टनं 4.50 ला "खरेदी" केली. नंतर कोणीतरी घाईत 6.80 ला घेतला, एलटीपी 6.80 झाला आणि वहीत नफा चढला. खऱ्या बाजारात त्याला घ्यायला 6.90 मोजावे लागले असते आणि लगेच विकायला गेला असता तर हातात 4.10 आले असते.

मी कामाला लागलो तेव्हा दलाल स्ट्रीटवर अजून रिंगण भरत होतं. स्क्रीनवर सौदे करायचं बोल्ट आलं 1995 मध्ये. रिंगणात जॉबरला भाव विचारला की तो दोन भाव बोलायचा, घ्यायचा एक आणि द्यायचा एक. एकच भाव बोलणारा जॉबर मी पाहिला नाही. स्क्रीन आल्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एलटीपी छापायला लागले आणि लोकांना वाटू लागलं की भाव एक असतो. तो दुसऱ्याच दोघांचा झालेला सौदा आहे. आपल्यासाठी तो भाव नाही, बातमी आहे.

स्क्रिप्ट बदलली:

```python
def fill(side, bid, ask):
    return ask if side == "BUY" else bid
```

निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकमध्ये या बदलानं पाच-पंधरा पैशांचाच फरक पडतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये आणि निफ्टीच्या दूरच्या महिन्यांत मात्र वहीतला निम्मा नफा रात्रीतून गेला. भाचा म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस मी हवेत कमावत होतो." तेव्हापासून शेअरचे ऑप्शन बाद, फक्त निफ्टी.

9 ऑक्टोबर, गुरुवार

भाच्यानं सुचवलं की समोरचा भाव कशाला द्यायचा, लिमिट, म्हणजे आपला ठरलेला भाव, लावून थांबू. कल्पना रास्त आहे, पण कागदावर हीच सर्वांत जास्त फसवते.

उदाहरण आजचंच. एका पुटला, म्हणजे बाजार पडला की वाढणाऱ्या ऑप्शनला, 31.00 ची खरेदी लावली. भाव खाली आला, 31.00 ला सौदे झाले, आणि तिथून उसळून 38 वर गेला. स्क्रिप्ट म्हणते भाव शिवला, सौदा झाला, सात रुपये नफा. त्याच वेळची डेप्थ मी लिहून ठेवली होती: 31.00 वर आधीच सहा हजारांहून जास्त नगांची खरेदी उभी होती. एक्सचेंजचा नियम आधी भाव आणि भाव सारखा असेल तर आधी वेळ. आपले 75 रांगेच्या शेपटाला. त्या भावात दोनेक हजार नगांचे सौदे झाले आणि भाव उलटला. आपल्यापर्यंत काही आलं नसतं.

हा फरक दोन्ही बाजूंनी सारखा नाही, आणि मुख्य गोम तिथेच आहे. जिथून भाव लगेच उसळतो तिथे आपला नंबर लागत नाही. जिथे भाव आपली पूर्ण रांग खाऊन खाली जातो तिथे नंबर हमखास लागतो, आणि घेतल्या घेतल्या तोटा दिसतो. कागदी वही दोन्ही सौदे घालते. खऱ्या वहीत चांगल्यातले बरेच गळतात आणि वाईट सगळे राहतात. म्हणून "लिमिटवर स्वस्तात घेऊ" ही पद्धत कागदावर कायम हुशार दिसते.

रांगेतला आपला नंबर घरबसल्या नेमका कळत नाही. म्हणून कडक नियम घातला: भाव आपल्या लिमिटच्या एक टिक, म्हणजे पाच पैसे, पलीकडे गेला तरच सौदा झाला असं धरायचं.

```python
TICK = 0.05

def limit_filled(side, limit, traded):
    if side == "BUY":
        return traded <= round(limit - TICK, 2)
    return traded >= round(limit + TICK, 2)
```

यात कधीकधी आपल्यावर अन्याय होतो, कारण रांग छोटी असेल तर 31.00 लाही मिळू शकतं. पण वही चुकायचीच असेल तर या बाजूला चुकलेली बरी.

20 ऑक्टोबर, सोमवार

उद्या लक्ष्मीपूजन, म्हणून या आठवड्याची एक्स्पायरी आजच उरकली. उद्या मुहूर्ताचे सौदे, यंदा दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. परवा पाडव्याला सुट्टी. भाच्याला मुहूर्तावरच पहिला खरा लॉट घ्यायचा होता. नको म्हटलं. तासाभराच्या सत्रात डेप्थ पातळ असते आणि तिथे आपल्याला शिकायला काही नाही. वहीची पूजा कर, सौदा गुरुवारपासून.

काय करायचं ते ठरलं: निफ्टीचा कॉल विकायचा आणि त्याच मुदतीचा 200 अंक वरचा कॉल संरक्षणाला घ्यायचा. जास्तीत जास्त तोटा आधीच माहीत असतो. उघडा ऑप्शन विकायला मी त्याला देणार नाही, आणि त्याच्या आईला तर हा शब्दसुद्धा कळता कामा नये.

4 नोव्हेंबर, मंगळवार

शुक्रवारी केलेला स्प्रेड आज मुदतीच्या दिवशी दोन्ही वह्यांत उभा होता. कागदी वहीत शांतता. भाच्याच्या फोनवर मात्र सकाळीच ब्रोकरचा मेसेज: मार्जिन कमी पडतंय, पैसे भरा नाहीतर सौदा कापू.

स्प्रेडसाठी तारण म्हणून ठेवायची रक्कम, म्हणजे मार्जिन, त्यानं भरलेली होती. पण नोव्हेंबर 2024 पासून सेबीच्या नियमानं मुदत संपायच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर कराराच्या किमतीच्या 2 टक्के जादा मार्जिन लागतं, आणि ते आदल्या दिवसापासून उभ्या असलेल्या सौद्यांनाही लागतं. निफ्टीचा एक करार सध्या एकोणीस लाखांच्या घरात, म्हणजे अडतीसेक हजार एका रात्रीत जास्त. स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त तोटा तेरा हजारांचा असला तरी ही रक्कम चुकत नाही.

पैसे त्यानं वळते केले. पण मेसेज आल्यावर त्याचा पहिला विचार निघून जाण्याचा होता, आणि निघताना तो आधी संरक्षणाचा कॉल विकणार होता, कारण त्यात "थोडा नफा सुटला असता". मी थांबवलं. आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग संरक्षण सोडायचं. उलट केलं तर मधल्या काही सेकंदांसाठी आपण उघडे विक्रेते होतो, मार्जिन दीड-दोन लाखांवर जातं, आणि तेवढे पैसे नसतील तर ऑर्डरच नाकारली जाते. आत शिरताना याच्या उलट: आधी घ्यायचा, मग विकायचा. कागदी वही दोन्ही पाय एकाच क्षणी उचलते, त्यामुळे हा क्रम तिला माहीतच नाही.

11 नोव्हेंबर, मंगळवार

आजचा सौदा सविस्तर लिहितो.

सकाळी पावणेदहाला स्प्रेड. निर्देशांकाच्या 100 अंक वरचा कॉल विकला, 300 अंक वरचा घेतला. कागदी वहीत यावेळी मुद्दाम जुन्या पद्धतीनं एलटीपीचेच भाव घातले, तुलनेसाठी: विक्री 27.50, खरेदी 2.30. भाच्याला मिळाले 27.35 आणि 2.35. नियम असा की विकलेला कॉल 55 ला पोचला, म्हणजे दुप्पट झाला, की बाहेर.

स्टॉप, म्हणजे तोटा थांबवणारी ऑर्डर, लावताना एक अडचण असते. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये "ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाला घे" अशी ऑर्डर एनएसईनं सप्टेंबर 2021 पासून बंद केली आहे. ती असताना पातळ डेप्थमध्ये अशा ऑर्डरी सुटून भलत्याच भावांना सौदे व्हायचे. आता ट्रिगरबरोबर लिमिटही द्यावं लागतं. भाच्यानं ट्रिगर 55.00 आणि लिमिट 55.50 ठेवलं. पन्नास पैशांची जागा.

बाजार सकाळी खाली गेला आणि नंतर सावरत गेला. पावणेदोनच्या सुमाराला जोराचा रेटा आला. 53.80, 54.40, आणि पुढचा सौदा थेट 56.10. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, पण 55.50 ला विकणारा तोवर कोणी उरला नव्हता. म्हणजे स्टॉप "लागला" आणि सौदा झाला नाही. आता ती 55.50 ची साधी खरेदी म्हणून रांगेत उभी आणि बाजार तिच्या वर पळतोय.

फोन आला. ऑफिसच्या जिन्यात उभा होता, आवाज घुमत होता.

"मामा, स्टॉप लागला पण पेंडिंग दाखवतंय."

"भाव किती?"

"एकोणसाठ... साठ. खाली येतोय बहुतेक. पंचावन्नला परत आला तर आपोआप होईल ना?"

"ऑर्डर बदल. समोर जो भाव आहे त्याच्या दोन रुपये वर लिमिट टाक."

"एक मिनिट, आत्ता अठ्ठावन्न झाला. येतोय खाली."

मी गप्प राहिलो, कारण खातं त्याचं आणि बोट त्याचं. भाव 58 वरून 61 झाला, मग 63. 64.20 ला तो बाहेर पडला. मग संरक्षणाचा कॉल 1.30 ला विकला. निर्देशांक वर जाऊनही तो स्वस्त झाला होता, कारण मुदत संपायला दोन तासही उरले नव्हते.

13 नोव्हेंबर, गुरुवार

परवाचा हिशेब.

कागदी वही: विकलेला कॉल 27.50 वरून 55.00, म्हणजे 27.50 गुणिले 75, तोटा 2,062.50. संरक्षण 2.30 वरून 1.35, तोटा 71.25. एकूण 2,133.75.

खरी वही: 27.35 वरून 64.20, म्हणजे 36.85 गुणिले 75, तोटा 2,763.75. संरक्षण 2.35 वरून 1.30, तोटा 78.75. एकूण 2,842.50. शिवाय चार ऑर्डरींची दलाली वीस-वीस रुपये, त्यावर जीएसटी, एक्सचेंजचं शुल्क, विक्रीवरचा एसटीटी कर मिळून आणखी शंभरेक.

खर्च सोडला तर फरक 708.75 चा. तो मी तीन भागांत फोडला. आत शिरताना आणि संरक्षण विकताना बिड-आस्कमुळे गेले ते वीस रुपयांच्या आत. निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकमध्ये तेवढंच जातं. भाव 54.40 वरून 56.10 वर उडाला त्यामुळे गेले ते दुसरा भाग. लिमिटला पुरेशी जागा असती, समजा तीन रुपये, तर 56.10 किंवा पाच-दहा पैसे वर सुटला असता, म्हणजे ऐंशी-नव्वद रुपये. उरलेले सहाशेच्या वर रुपये 56 पासून 64 पर्यंत बघत बसण्याचे. तो फिलचा, म्हणजे सौदा ज्या भावाला झाला त्याचा, दोष म्हणता येणार नाही.

पहिले दोन भाग आणि हा तिसरा वेगळे ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं. बाजारात कोणालाही विचारा, "स्लिपेज फार बसलं" असं एकाच शब्दात सांगतील. पण पहिल्या दोन भागांना औषध आहे: लिमिटला जागा द्या, पातळ स्ट्राइक टाळा, कागदी वहीत बिड-आस्क वापरा. तिसऱ्या भागाला स्क्रिप्टमध्ये ओळ नाही. फसवं असं की रांगेत पडून राहिलेल्या ऑर्डरीनंच त्याला थांबायला कारण दिलं. सौदा झाला असता तर विषय संपला असता. झाला नाही म्हणून आशेला जागा मिळाली. म्हणजे भीती आणि फिल एकमेकांपासून सुटेही नाहीत: वाईट फिल भीतीला बोलावतो आणि भीती पुढचा फिल आणखी बिघडवते.

भाच्यानं विचारलं, "मग स्टॉप लावलाच नसता तर?" एका मंगळवारावरून यावर बोलायचं नाही असं मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

27 नोव्हेंबर, गुरुवार

खऱ्या वहीत दोन रकाने वाढवले: "नियमाची वेळ" आणि "बटणाची वेळ". नियमानं जेव्हा बाहेर पडायला हवं ती पहिली, भाच्यानं खरंच बटण दाबलं ती दुसरी. कागदी वहीत या दोन वेळा एकच असतात. म्हणून असा रकाना तिथे असूच शकत नाही.

रकाने भरताना दिसलं ते असं. तोट्याच्या बाजूला बटण नियमाच्या मागे असतं. नफ्याच्या बाजूला ते नियमाच्या पुढे पळतं. परवाचंच घ्या, मंगळवारी विकलेला कॉल 24.60 चा, नियम 5 पर्यंत धरायचा. सकाळी अकरा वीसला तो 15 ला आला आणि भाचा निघाला. "हातात आलेलं जायला नको, मामा. त्या दिवसासारखं." कागदी वहीनं तो दुपारी 5 ला परत घेतला. एका लॉटवर साडेसातशे रुपये तिथे राहिले. कोणी लुटले नाहीत, फिलही खराब नव्हता, स्क्रीनवर 15 ला 15 च मिळाले.

आणि सर्वांत मोठा खड्डा आहे 18 नोव्हेंबरचा. त्या मंगळवारी नियमानं सौदा करायचा होता. खरी वही कोरी आहे. आदल्या आठवड्याच्या तोट्यानंतर त्यानं "एक आठवडा बघतो" म्हटलं, आणि त्या दिवशी बाजार खाली आला, कॉल विकणाऱ्याचा दिवस होता. कागदी वहीत तो नफा आहे. लोक कागदी आणि खऱ्याची तुलना करतात तेव्हा झालेल्या सौद्यांचे भाव तपासतात. न झालेला सौदा कुठेच दिसत नाही, कारण त्याची पावती नसते. माझ्या मते कागदी वही जास्त चांगली दिसण्याचं मोठं कारण बिड-आस्कपेक्षा या कोऱ्या ओळी आहेत, आणि त्या नेमक्या तोट्याच्या नंतर येतात. अशा पद्धतीत तोटे मोठे आणि नफे लहान-लहान असतात. तोट्यानंतरचे लहान नफे गाळले की पद्धत चांगली असूनही हिशेब उलटा पडतो.

भाच्यानं उपाय सुचवला: कागदी खात्यात खोटे एक कोटी ठेवून मोठे सौदे करू, म्हणजे दडपण येईल. करून बघितलं. दडपण काही आलं नाही, उलट हात सैल झाला. एकेका वेळी वीस-वीस लॉट विकायला लागला, तेही बिडवर उभ्या असलेल्या नगांपेक्षा जास्त, आणि स्क्रिप्ट सगळे एकाच भावाला देत राहिली. ते बंद करून एक ओळ घातली: समोर उभ्या नगांपेक्षा जास्त मागितलं तर उरलेलं पुढच्या भावाला. खोटे कोटी काढून टाकले.

एक लॉटसुद्धा पूर्ण भीती दाखवत नाही, हेही लिहून ठेवतो. 2,842 रुपये त्याच्या पगारात बसतात. ज्या दिवशी तोटा पगाराएवढा असेल त्या दिवशी "बटणाची वेळ" किती मागे राहील हे या वहीतून काढता येणार नाही. म्हणून लॉट वाढवायचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, आधी दोन रकान्यांतलं अंतर कमी झालेलं दाखव, नफा नको दाखवूस.

8 डिसेंबर, सोमवार

स्क्रिप्टमध्ये स्टॉपचा भाग नव्यानं लिहिला. ट्रिगर लागल्यावर लगेच सौदा झाला असं न धरता पुढच्या क्षणाचा आस्क बघायचा. तो लिमिटच्या आत असेल तर सौदा त्या आस्कला, नाहीतर ऑर्डर पडून.

```python
def stop_buy(trigger, limit, ltp, next_ask):
    if ltp < trigger:
        return "WAIT", None
    if next_ask <= limit:
        return "FILLED", next_ask
    return "PENDING", None
```

`PENDING` आलं की पुढे काय, यावर आमचं तासभर वाजलं. भाच्याचं म्हणणं, दहा सेकंदांनी स्क्रिप्टनं आपोआप लिमिट वाढवावं. मी म्हटलं, कागदी वहीत आपोआप वाढवलं तर 11 नोव्हेंबर पुन्हा कधी दिसणारच नाही. शेवटी ठरलं की कागदी वही त्या ओळीवर थांबेल, लाल होईल आणि भाव हातानं भरायला सांगेल, त्या वेळी खऱ्या वहीत जो आला तोच. स्टॉपच्या लिमिटला मात्र आता तीन रुपयांची जागा आहे, दोन्ही वह्यांत.

आणखी एक काम उरलंय. डिसेंबरची मासिक मुदत 30 तारखेला संपली की निफ्टीचा लॉट 75 वरून 65 होतो. कोडमध्ये 75 तीन ठिकाणी हातानं लिहिलेला सापडला. भाच्याला तो एका जागी आणायला सांगितलंय, शनिवारपर्यंत.